निकाल, प्रलंबित दावा आणि दिलेला शब्द : एक प्रस्तावना

उमरग्याहून हैदराबादच्या वाटेने कर्नाटकात शिरले की थोड्याच अंतरावर कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, लागते. अकराव्या शतकाच्या अखेरीस चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याच नगरीत याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. प्रतिवादीला फिर्यादीस देता येणाऱ्या उत्तराचे चार प्रकार त्या टीकेत सांगितले आहेत. आरोप कबूल करणे, तो खोटा असल्याचे म्हणणे, तो खरा असला तरी आपल्या बाजूस दुसरे कारण असल्याचे दाखविणे हे पहिले तीन. आणि हाच वाद पूर्वी निर्णीत होऊन त्यात आपण जिंकलो आहोत असे सांगणे हा चौथा, ज्याला प्राङ्न्याय म्हणत. हे चौथे उत्तर देणाऱ्यावर ते सिद्ध करण्याचा भार असे आणि त्यासाठी त्याने पूर्वीचे जयपत्र किंवा पूर्वीच्या न्यायसभेतील माणसे पुढे आणावीत, अशी अपेक्षा असे. पुढे 1916 साली प्रिव्ही कौन्सिलमध्ये सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी शिवपरसन सिंग विरुद्ध रामनंदन प्रसाद या निवाड्यात रेस ज्युडिकेटाचे तत्त्व केवळ इंग्रजी कायद्याची देणगी नव्हे हे दाखविताना विज्ञानेश्वराचा आणि ‘व्यवहारमयूख’कार नीलकंठाचा दाखला घेतला. ज्या भट्ट घराण्यात नीलकंठ जन्मला ते मूळचे पैठणचे; तेव्हा धाराशिवच्या विद्यार्थ्याने हा विषय परका मानावा असे काही कारण दिसत नाही.

परंतु हा इतिहास येथे अभिमानासाठी सांगितलेला नाही. विज्ञानेश्वराच्या विवेचनात जी एक व्यवहारी दृष्टी आहे, म्हणजे असे उत्तर देणाऱ्याने कोणता कागद दाखवावा हा जो प्रश्न तेथे प्रथम विचारला जातो, तोच प्रश्न परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत बहुधा नाहीसा झालेला असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 11, कलम 10 आणि पुराव्याच्या कायद्यातील एस्टॉपेल यांतील भेद सांगा, असा प्रश्न आला की उमेदवार पानाच्या मधोमध एक उभी रेघ ओढतो आणि दोन्ही बाजूंस आठ-आठ वाक्ये लिहितो. त्यांतील प्रत्येक वाक्य सुटेपणी बरोबर असते. मात्र त्याच उमेदवारास एखाद्या दाव्याची कागदपत्रे हाती देऊन यांत कोणता बचाव उभा राहतो असे विचारले तर तो गोंधळतो. म्हणून या पुस्तकातील तिन्ही सिद्धांतांकडे वाचकाने एकाच दारातून प्रवेश करावा, अशी आमची सूचना आहे. पूर्वीच्या निकालाचा बचाव घेणाऱ्याने त्या दाव्याचे दावापत्र, कैफियत, मुद्दे, निकालपत्र आणि हुकूमनामा यांच्या सही-शिक्क्याच्या नकला दाखल कराव्या लागतात. प्रलंबित दाव्याचा आधार घेऊन दुसऱ्या दाव्याची सुनावणी थांबवू पाहणाऱ्याला दोन्ही दावापत्रे आणि ती दाखल झाल्याच्या तारखा पुरतात. एस्टॉपेलचा आधार घेणाऱ्याजवळ मात्र न्यायालयाचा कोणताच कागद नसला तरी चालतो; समोरच्याने काय सांगितले किंवा कसे वर्तन केले आणि त्यावर विश्वासून आपण काय केले, एवढे त्याला साक्षीपुराव्याने शाबीत करावे लागते. कागद कोणता लागेल हे ज्याला कळले त्याला निकालाने न्यायालयाचा हात धरला जातो, प्रलंबित दाव्याने केवळ सुनावणीचा पाय थांबतो आणि दिलेल्या शब्दाने पक्षकाराचे तोंड बंद होते, हा भेद पाठ करावा लागत नाही.

कलम 11 च्या संदर्भात या जिल्ह्याच्या वाचकाला जवळची वाटावी अशी एक जुनी केस आहे. धाराशिव, ज्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते, हे हैदराबाद संस्थानाच्या गुलबर्गा सुभ्यात मोडत असे, आणि भारताची दिवाणी प्रक्रिया संहिता येथे 1 एप्रिल 1951 पासून लागू झाली. त्याच्या थोडे आधी, ऑक्टोबर 1950 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हैदराबाद संस्थानातून आलेल्या नरहरी विरुद्ध शंकर या अपिलाचा निकाल दिला. वादींनी काही जमिनीच्या दोन-तृतीयांश हिश्श्याच्या ताब्यासाठी एकच दावा लावला होता. प्रतिवादींचे दोन गट होते आणि प्रत्येक गटाकडे एक-एक तृतीयांश जमीन होती. खालच्या न्यायालयाने वादींच्या बाजूने निकाल दिल्यावर दोन्ही गटांनी वेगवेगळी अपिले केली, अपील न्यायालयाने ती एकाच निकालपत्राने मंजूर केली आणि हुकूमनामे मात्र दोन निघाले. वादी वरिष्ठ न्यायालयात गेले तेव्हा त्यांचे एक अपील रीतसर होते, दुसरे मुदतीच्या बाहेर गेलेले होते. हैदराबादच्या उच्च न्यायालयाने म्हटले की, ज्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील उरलेले नाही तो कायम झाला. तो आता उरलेल्या अपिलाच्या आड रेस ज्युडिकेटा म्हणून उभा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले नाही. दावा एक, सुनावणी एक, मुद्दे तेच, निकालपत्र एक असताना हुकूमनाम्याचे कागद दोन निघाले एवढ्यावरून एका निकालाला दुसऱ्याच्या आधीचा म्हणता येत नाही. पूर्वन्यायाला दोन दावे लागतात, आणि त्यांपैकी एक आधी निर्णीत झालेला लागतो. हैदराबादच्या न्यायालयाने हुकूमनामे मोजले, सर्वोच्च न्यायालयाने दावे मोजले, असे थोडक्यात म्हणता येईल. येथे विद्यार्थ्याने एक सावधगिरी बाळगावी, कारण नरहरीचा निवाडा जेवढा सांगतो त्याहून अधिक त्यात वाचण्याचा मोह अनेकांना होतो. दोन भाऊ परस्परांविरुद्ध दोन स्वतंत्र दावे लावतात, ते एकत्र चालतात, एकाच निकालपत्राने संपतात आणि हरलेला भाऊ दोहोंपैकी एकाच हुकूमनाम्याविरुद्ध अपील करतो, अशी स्थिती असेल तर नरहरीचा आश्रय पुरेसा नाही. 1966 च्या श्योदान सिंग विरुद्ध दर्याव कुंवर या निवाड्यात, एकत्र चाललेल्या दाव्यांतील अपिलांपैकी काही मुदतबाह्य किंवा कागदपत्रांच्या छपाईची तजवीज न केल्याने फेटाळली गेली असता तो फेटाळणीचा निर्णयही उरलेल्या अपिलांना बाधक ठरला. पुढे 1976 च्या लोनानकुट्टी विरुद्ध थोम्मन या निवाड्याने त्याच दिशेला पुष्टी दिली. म्हणून एकाच निकालपत्राखाली दोन दावे हरलेल्या पक्षकाराला वकील दोन अपिले करावयास सांगतो, आणि दुप्पट कोर्ट फी भरावी लागली म्हणून कुरकुरणाऱ्या पक्षकारास ती का भरावी लागते हे या दोन निवाड्यांचे नाव न घेताच समजावून सांगतो.

आता कलम 11 च्या मजकुरातील पहिल्या स्पष्टीकरणाकडे वळू. परीक्षार्थी ते वाचतात आणि पुढे जातात; प्रत्यक्षात तीन सिद्धांतांपैकी दोहोंची सीमारेषा याच ओळीवर आहे. ‘पूर्वीचा दावा’ म्हणजे जो आधी निकालात निघाला तो, मग तो नंतर दाखल झालेला का असेना, असे ते स्पष्टीकरण सांगते. कलम 10 मध्ये उलट आहे. तेथे जो आधी दाखल झाला त्याला प्राधान्य. एका कलमात दाखल-तारखेला महत्त्व, दुसऱ्यात निकालाच्या तारखेला. हा फरक बेळगावच्या एका प्रकरणात जितका स्वच्छ दिसतो तितका कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही.

श्रीहरी हनुमानदास तोतला विरुद्ध हेमंत विठ्ठल कामत हा तो निवाडा, 9 ऑगस्ट 2021 चा, आणि तो लिहिला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. बेळगावातील एक मिळकत कर्नाटक राज्य वित्तीय महामंडळाकडे गहाण होती. कर्ज थकले तेव्हा महामंडळाने ती विकली. विकत घेणाऱ्याने 2007 साली ताब्यासाठी दावा लावला. तो प्रलंबित असतानाच 2008 साली गहाणदाराच्या कुटुंबातील दुसऱ्या एकाने वाटणीचा आणि ते विक्रीखत आपल्यावर बंधनकारक नाही अशा जाहीरनाम्याचा दावा लावला. पहिला दावा 2009 साली खरेदीदाराच्या बाजूने निकालात निघाला. मग खरेदीदाराने दुसऱ्या दाव्यात ऑर्डर 7 नियम 11(ड) खाली अर्ज दिला की, हे दावापत्रच रेस ज्युडिकेटाने बाद आहे, ते नामंजूर करावे.

या प्रकरणातील घटना तारीखवार मांडल्या की त्यातील गुंतागुंत आपोआप उलगडते. 2008 साली दुसरे दावापत्र दाखल झाले त्या दिवशी 2007 च्या दाव्यात कोणताच निकाल झालेला नव्हता. त्या दिवशी तो दावा कलम 11 ने बाद झाला असे कोणालाही म्हणता आले नसते. फार तर विरुद्ध पक्षाला कलम 10 खाली सुनावणी थांबविण्याची मागणी करता आली असती, आणि तीही दोन्ही दाव्यांतील वादाचा विषय मुळात एकच असेल तरच. 2009 मध्ये निकाल लागताच स्थिती पालटली. आता 2007 चा दावा कलम 11 च्या अर्थाने ‘पूर्वीचा’ झाला, आणि नंतर दाखल झालेल्या दाव्याविरुद्ध त्याचा बचाव घेणे शक्य झाले. तथापि सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव ऑर्डर 7 नियम 11 च्या मार्गाने घेऊ दिला नाही. दावापत्र नामंजूर करताना न्यायालय केवळ दावापत्राकडे पाहते. रेस ज्युडिकेटा ठरवावयाचा तर पूर्वीच्या दाव्यातील फिर्याद, कैफियत, मुद्दे आणि निकाल हे सारे तपासावे लागते, आणि ते काही नव्या दावापत्रात लिहिलेले नसते. प्रतिवादीने हा बचाव कैफियतीत घ्यावा, न्यायालयाने ऑर्डर 14 खाली त्यावर प्राथमिक मुद्दा काढावा की काय याचा विचार करावा, आणि मग जुन्या दाव्याची कागदपत्रे पाहून निर्णय द्यावा, असा तो निवाडा आहे. दिवाणी न्यायाधीशांच्या परीक्षेत हा प्रश्न हमखास येऊ लागला आहे आणि बहुसंख्य उमेदवार अजूनही ‘दावापत्र नामंजूर’ असे ठोकून देतात.

कलम 10 च्या बाबतीत एक गोष्ट परीक्षेत क्वचितच लिहिली जाते, ती अशी की या कलमाची खरी कसोटी कलम 11 मधून येते. पहिल्या दाव्याचा अंतिम निकाल लागला असे गृहीत धरावे. तो निकाल दुसऱ्या दाव्यात रेस ज्युडिकेटा म्हणून लागू पडेल का? लागू पडत असेल तर दुसऱ्या दाव्याची सुनावणी थांबवावी, नसेल तर थांबवू नये. रेस सब ज्युडिस म्हणजे एका अर्थी अद्याप जन्मास न आलेला रेस ज्युडिकेटा. अस्पी जल विरुद्ध खुशरू रुस्तम दादीबुर्जोर या 2013 च्या मुंबईच्या प्रकरणात ही कसोटी फार बारकाईने लावलेली आढळते. एका इमारतीतल्या जागेच्या मालकांनी भाडेकरूविरुद्ध 2004 साली कब्जाचा दावा लावला. जागा वापरात नाही हे त्यातील एक कारण होते. तो दावा प्रलंबित असतानाच 2010 मध्ये त्यांनी पुन्हा त्याच कारणावरून नवा दावा आणला. खालच्या न्यायालयांनी कलम 10 लावून नव्या दाव्याची सुनावणी थांबविली. सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती उठविली, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमानुसार दावा लावण्याच्या तारखेपूर्वी सलग सहा महिने जागा न वापरणे हे कारण धरले जाते. 2004 पूर्वीच्या सहा महिन्यांत जागा वापरात होती असे ठरले तरी 2010 पूर्वीच्या सहा महिन्यांत ती बंद होती असे ठरण्यास काहीच हरकत नाही. पक्षकार तेच, जागा तीच, कारणाचे नावही तेच. पण वादाचा विषय, म्हणजे काळाचा तुकडा, वेगळा.

ही कसोटी शेतजमिनीच्या वादांनाही तंतोतंत लागू पडते. कळंब किंवा भूम तालुक्यात एकाने शेजाऱ्याविरुद्ध, त्याने आपल्या बांधाचा काही भाग नांगरला म्हणून, मनाई हुकूमाचा दावा लावला आहे असे समजा. तो प्रलंबित असताना शेजाऱ्याने दुसऱ्या वर्षी विहिरीकडे जाणारी वाट अडविली. वाटेचा दावा आला म्हणून कलम 10 चा अर्ज करणारा वकील ‘पक्षकार तेच, गट नंबर तोच’ एवढेच सांगू शकतो. बांधाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी वाटेचा प्रश्न त्याने सुटत नाही, म्हणून स्थगितीस आधार नाही. याउलट शेजाऱ्याने पहिल्याविरुद्ध उलट दावा लावून तोच बांध आपला असल्याचे जाहीर करून मागितले, तर पहिल्या दाव्यातील मालकीचा निष्कर्ष दुसऱ्या दाव्याला बांधील, आणि स्थगिती रास्त ठरेल. मात्र तेव्हाही एवढे लक्षात ठेवावे की थांबते ती केवळ सुनावणी. दावा दाखल करून घेणे, ताकीद किंवा रिसीव्हर नेमणे यांसारखे अंतरिम हुकूम करणे, कैफियत घेणे, हे सारे चालू राहते. इंडियन बँक विरुद्ध महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ या 1998 च्या निवाड्यात तर ऑर्डर 37 च्या संक्षिप्त दाव्यात प्रतिवादीला बचावाची परवानगी द्यावी की नाही हे ठरविण्याच्या टप्प्यालाही कलम 10 चा अडथळा येत नाही असे ठरले. आणि पहिला दावा परदेशातील न्यायालयात असेल तर कलम 10 लागूच होत नाही. हे त्या कलमाचे स्पष्टीकरणच सांगते.

एस्टॉपेलचा प्रांत वेगळा आहे. तो दिवाणी प्रक्रिया संहितेत नाहीच. पूर्वी तो 1872 च्या पुरावा अधिनियमाच्या कलम 115 मध्ये होता; आता तो 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 121 मध्ये आहे. एखाद्याने आपल्या सांगण्याने, कृतीने किंवा गप्प राहण्याने दुसऱ्याचा एखाद्या गोष्टीवर जाणूनबुजून विश्वास बसविला, आणि त्या विश्वासावर त्याने काही केले, तर पुढे ती गोष्ट खोटी होती असे म्हणण्यास पहिल्याला मुभा नाही. हे एका कल्पित उदाहरणाने पाहू.

तुळजापूर तालुक्यातील एका गावी दोन भावांची वडिलोपार्जित जमीन आहे. धाकट्याने एक तुकडा परक्या माणसास विकला. विक्रीखत नोंदविण्यापूर्वी खरेदीदार थोरल्याच्या घरी गेला आणि थोरला म्हणाला, “तुम्ही खुशाल घ्या, या तुकड्यात माझा काही हिस्सा नाही.” मग मोजणीच्या दिवशीही तो बांधावर उभा होता. खरेदीदाराने पैसे दिले, फेरफार झाला, त्याने विहीर खोदली. चार वर्षांनी थोरला म्हणू लागला की तुकडा सामाईक होता. येथे कोणताच पूर्वनिकाल नाही, कोणताच प्रलंबित दावा नाही, तरी थोरल्याचे तोंड बंद आहे, आणि ते फक्त त्या खरेदीदारापुरते. तिसऱ्या कोणाशी, उदाहरणार्थ धाकट्याशीच, पुढे वाद झाला तर हे बंधन तेथे लागणार नाही. पण परीक्षक याच उदाहरणात एक फास लावून ठेवतो. थोरल्याने विक्रीखतावर केवळ साक्षीदार म्हणून सही केली असेल, त्याहून अधिक काही केले नसेल, तर तेवढ्यावर एस्टॉपेल उभा राहत नाही, कारण साक्षीदाराला दस्तऐवजातील मजकूर ठाऊक असेल असे कायदा गृहीत धरीत नाही. खरेदीदाराने त्याचे बोलणे आणि त्यावर आपले विसंबून राहणे शाबीत केले पाहिजे. दुसरा फास असा की तो तुकडा भोगवटादार वर्ग 2 चा असेल आणि हस्तांतरणास लागणारी परवानगी घेतलेली नसेल, तर थोरल्याने कितीही शब्द दिला तरी कायद्याविरुद्ध एस्टॉपेल चालत नाही. त्याच्या शब्दाने परवानगीची उणीव भरून निघत नाही. इनाम आणि देवस्थानच्या जमिनींचा जिल्ह्यात जो भरणा आहे तो पाहता हा मुद्दा येथील वकिलाला पदोपदी लागतो.

आता त्याच उदाहरणात एक गाठ आणखी मारू, कारण रेस ज्युडिकेटा आणि एस्टॉपेल जेथे एकमेकांना भिडतात ती जागा तीच आहे आणि परीक्षकाचे लक्षही तेथेच असते. समजा थोरल्याने दावा लावला, आणि तो चालू असताना दोघांत तडजोड होऊन ऑर्डर 23 नियम 3 खाली हुकूमनामा झाला, ज्यात थोरल्याने तुकड्यावरील आपला हक्क सोडला आणि खरेदीदाराने त्याला बैलगाडी जाईल एवढा रस्ता दिला. दोन वर्षांनी थोरला पुन्हा दावा लावतो. हे कलम 11 मध्ये बसते का? अक्षरशः बसत नाही. कारण कलम 11 ला ‘ऐकून व अंतिमतः निर्णीत’ झालेला मुद्दा लागतो, आणि तडजोडीत न्यायालयाने काही ऐकले नाही, ठरविलेही नाही. पक्षकारांनी ठरविलेल्यावर मोहोर उठविली. सुंदराबाई विरुद्ध देवाजी शंकर देशपांडे या मुंबईहून गेलेल्या आणि 1954 च्या ए.आय.आर. मध्ये छापलेल्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच अडचण ओळखली. पूर्वीचा दावा तडजोडीने संपलेला असल्याने कलम 11 काटेकोरपणे लागू होत नाही, तथापि त्यामागील एस्टॉपेलचे तत्त्व लागू होते, असे म्हणताना न्यायालयाने दिनशा मुल्ला यांच्या टीकेचा आधार घेतला. तडजोडीच्या हुकूमनाम्याला लावण्याचा बचाव म्हणूनच ‘हुकूमनाम्यातून उपजणारा एस्टॉपेल’ असतो. बोलण्यातून उपजलेल्या एस्टॉपेलप्रमाणे येथे तोंडी साक्षीची गरज नाही. हुकूमनाम्याची नक्कलच पुरते. आणि रेस ज्युडिकेटाप्रमाणे येथे मुद्दे व निष्कर्ष दाखवावे लागत नाहीत, कारण ते नव्हतेच. थोरल्याला तडजोड फसवणुकीने झाली असे म्हणावयाचे असेल तर ऑर्डर 23 नियम 3-अ मुळे त्याला वेगळा दावा लावता येत नाही; ज्या न्यायालयाने तडजोड नोंदली त्याच न्यायालयात त्याला जावे लागते. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीचा निवाडा तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 21 ने दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामाच मानलेला आहे आणि त्याविरुद्ध अपील नाही. पंजाब राज्य विरुद्ध जालौर सिंग या 2008 च्या निवाड्यानुसार त्यावर आक्षेप असेल तर तो उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 किंवा 227 खाली घ्यावा लागतो.

रेस ज्युडिकेटाला एस्टॉपेलची ही शाखा इतकी जवळ असूनही दोहोंचा पाया निराळा आहे, हे थोरल्याच्याच उदाहरणात दिसते. खरेदीदाराने विहीर खोदली नसती, पैसेही दिले नसते, तर बोलण्यातून उपजलेला एस्टॉपेल निर्माणच झाला नसता; त्याची स्थिती बदलली नाही म्हणून तो रिकामा राहिला असता. पण कलम 11 ला स्थिती बदललेली लागत नाही. वाद लढून निकाल लागला, तो कायम झाला, एवढ्याने तो जिंकणाऱ्या आणि हरणाऱ्या दोघांनाही सारखाच बांधतो. निकाल चुकीचा होता असे म्हणूनही सुटका नाही. शिवाय जो मुद्दा घेता आला असता आणि घ्यावयास हवा होता तोही कलम 11 च्या चौथ्या स्पष्टीकरणाने घेतलेलाच धरला जातो. पहिल्या दाव्यात मालकीचा आधार म्हणून केवळ वारसा सांगून हरलेला माणूस दुसऱ्या दाव्यात मृत्युपत्र पुढे करू लागला, आणि ते मृत्युपत्र पहिल्या वेळीही त्याच्या हाती होते, तर त्याचा मार्ग बंद आहे. एस्टॉपेलमध्ये अशा न बोललेल्या बोलण्याला स्थान नाही. जे सांगितले किंवा जाणूनबुजून दडविले तेवढेच त्यात येते.

एक शेवटची स्थिती परीक्षकांना विशेष आवडते, आणि व्यवहारातही ती धाराशिवच्या वकिलांना नित्य भेटते. उमरग्याच्या न्यायालयाने दाव्याचा निकाल दिला, जिल्हा न्यायालयाने तो कायम केला, आणि कलम 100 खालील दुसरे अपील औरंगाबादच्या खंडपीठात प्रलंबित आहे. याच काळात हरलेल्याने त्याच मालकीवर नवा दावा लावला. आता बचाव कोणता? निकाल लागलेला आहे, पण तो अंतिम नाही. अन्नामलय चेट्टी विरुद्ध थॉर्नहिल या 1931 च्या निवाड्यात प्रिव्ही कौन्सिलने म्हटल्याप्रमाणे अपील केले की निकालाची अंतिमता तात्पुरती मागे सरते आणि तो विषय पुन्हा प्रलंबित होतो. म्हणून कलम 11 चा मुद्दा कैफियतीत घ्यावा, पण त्यावर तूर्त निर्णय मागू नये. आणि अपील हाही दाव्याचाच पुढचा भाग असल्याने कलम 10 खाली नव्या दाव्याची सुनावणी थांबवून मागावी. खंडपीठाने दुसरे अपील कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न नाही म्हणून दाखल करतानाच फेटाळले, किंवा अपीलकर्त्याने ते काढून घेतले, तर त्या दिवसापासून जिल्हा न्यायालयाचा हुकूमनामा अंतिम होतो, स्थगितीचे कारण संपते, आणि खंडपीठाच्या आदेशाची नक्कल जोडून तोच प्रतिवादी कलम 11 वर निर्णय मागू शकतो. अपील मंजूर होऊन प्रकरण पुन्हा उमरग्याला पाठविले गेले तर मात्र त्याच्या हाती पुन्हा कलम 10 च राहते.